तुरीची मर आणि रानमोडीखालची माती

प्रश्न १ (लातूर): तीन वर्षं एकाच रानात तूर घेतोय. ऐन फुलोऱ्यात झाडं उभ्याउभ्या वाळायला लागलीत. दुकानदार म्हणतो, बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र करून मुळाशी सोडा. सोडू का?

प्रश्न २ (सिंधुदुर्ग): रानमोडीची झुडपं तोडून माणगा बांबू लावला. रोपं धरत नाहीत. खत वाढवू का?

उत्तर: दोघांनीही थांबा. आधी माती बघा, मग पाकीट फोडा.

लातूरकर, वाळतं झाड उपटून बुंधा उभा चिरा. सालीखाली तपकिरी-काळी रेघ वर चढलेली दिसली आणि बाहेरून बुंध्यावर जांभळट पट्टा असला, तर ती फ्युजेरियम बुरशीची मर आहे. रेघ नसेल तर पाणी साचलं होतं का ते तपासा. मर असेल तर बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसलेली असते. आता मुळाशी काहीही ओतलं तरी ते झाड उठत नाही. त्यात कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा ही कामाची बुरशी एका पिंपात म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं मारायचं. कार्बेन्डाझिमनं ट्रायकोडर्माही मरतो. दुप्पट डोस दिलात तर जमिनीतल्या कामाच्या बुरशीही जातील, आणि ही मर तशीच राहील.

हे घडतं कसं? प्रत्येक पीक मुळांतून साखरा आणि आम्लं सोडतं, आणि त्यावर ठरावीक जिवाणू-बुरशी पोसल्या जातात. तुरीच्या मुळांवर आणि धसकटांवर तुरीचीच मर पोसली जाते आणि तीनेक वर्षं टिकून राहते. दरवर्षी तूर म्हणजे दरवर्षी तिला जेवण. ज्वारीला ही बुरशी काही करत नाही. म्हणून ज्वारीच्या ओळी मध्ये आल्या की तुरीची मुळं एकमेकांपासून लांब पडतात आणि मरीचा फैलाव मंदावतो. माळावर एकच गवत सगळं रान व्यापत नाही, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. ज्याची गर्दी वाढते त्याचेच शत्रू त्याच्या मुळाशी साचतात आणि शेजाऱ्याला जागा मिळते.

तेव्हा पुढच्या वर्षी त्या रानात तूर नको, ज्वारी घ्या. त्यानंतर तूर घ्याल ती ज्वारीच्या तीन ओळींना एक अशी. वाण बीडीएन ७११ किंवा बीएसएमआर ७३६. मर लागलेली झाडं मुळासकट उपटून जाळा, नांगरून गाडू नका. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो ओलसर शेणखतात मिसळून पेरणीआधी द्या, फुलोऱ्यात नाही. पुन्हा सांगतो, फुलोऱ्यात नाही. आणि नुसत्या मर-प्रतिकारक वाणावर विसंबू नका. तो तग धरतो, पण बुरशी जमिनीत राहतेच.

सिंधुदुर्गकर, तुमच्याकडे गणित उलटं आहे. रानमोडी अमेरिका खंडातून आलेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम घाटात तिच्या मुळांखालच्या मातीत फ्युजेरियमचे बीजाणू लांबच्या मातीपेक्षा २५ पटींहून जास्त निघाले. त्या मातीत काटेमाठ आणि कळक बांबू खुंटले, माती निर्जंतुक केल्यावर ती बाधा गेली. म्हणजे ही झुडपं इथलीच बुरशी पोसून इथल्याच झाडांवर सोडतात, स्वतः मात्र फारशी अडत नाहीत. रान बळकावायला तिला हे पुरतं. खतानं ही बुरशी जात नाही.

तुमच्या माणग्यालाही हेच झालंय असं मात्र धरून चालू नका. चार कुंड्या घ्या. दोन रानमोडीखालच्या मातीच्या, दोन तिथून तीसेक मीटर लांबच्या मातीच्या. प्रत्येक जोडीतली एक माती पत्र्याच्या डब्यात ओली करून तासभर वाफवा, थंड होऊ द्या. चारही कुंड्यांत माठ पेरा, पाणी सारखं द्या, तीन आठवडे बघा. वाफवल्यानं दोन्ही माती सारख्याच सुधारल्या तर ते नुसतं मोकळं झालेलं अन्नद्रव्य. रानमोडीखालची माती जास्त सुधारली तर दुखणं जिवंत आहे, म्हणजे मातीतल्या जिवाणू-बुरशीचं आहे. हीच परीक्षा लातूरकरांनी तूर पेरून करावी, पण त्यासाठी सहा-आठ आठवडे ठेवा.

दुखणं जिवंत निघालं तर खड्ड्यात लांबची माती आणि कुजलेलं शेणखत भरा. रानमोडी दिवाळीआधी, फुलावर यायच्या आत, मुळासकट उपटा. नुसती तोडली तर खोडव्यातून परत फुटते आणि तिची मुळं काम चालूच ठेवतात. दुकानदार तणनाशकाबरोबर 'माती सुधारक' देईल; तो घेण्याआधी वरच्या कुंड्या लावा.

बियाण्याच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करा. तपशील तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे मिळेल.