निळ्या खुणेत काय लिहिलेलं नसतं

प्रिय मुली,

काल संध्याकाळी सुरसागरच्या कठड्याशी तू मला फोन दाखवलास आणि म्हणालीस, "काकू, ती माझ्यावर रागावली आहे." मी विचारलं, "तिने सांगितलं?" तू दोन निळ्या खुणांवर बोट ठेवलंस. आजूबाजूला गर्दी होती आणि तुझे डोळे भरून आले होते, म्हणून तिथे मी फारसं बोलले नाही. आज शांतपणे लिहिते आहे. चिठ्ठी तुझ्या आईकडे देऊन ठेवते.

आधी काय घडलं ते नीट मांडू. रविवारी रात्री 9 वाजून 42 मिनिटांनी तू मैत्रिणीला विचारलंस, "यंदा गरब्याचे पास एकत्र काढूया का?" मेसेज दाबून धरून माहिती उघडलीस, तर 9 वाजून 50 मिनिटांनी तो वाचल्याची नोंद. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. घडलं ते एवढंच. बाकीचं सगळं तू घडवलंस. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला उशिरा पोचलीस, त्याचा राग असणार. ऑफिसात नव्या मैत्रिणी झाल्या, त्यांच्याबरोबर ठरलं असणार. आणि शेवटी, गेल्या वर्षीही ती मन मोडायला नको म्हणूनच आली असणार. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही आणि तू सहा वर्षांची मैत्री मुळापासून पुन्हा तपासायला काढलीस. आपल्याकडे म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती.

आता ती निळी खूण. 2014 साली व्हॉट्सअ‍ॅपवर ती आली तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात ती सारखी येते. तिचा अर्थ इतकाच, की त्या माणसाच्या फोनवर तुझी चॅट उघडली गेली. रिक्षाचे पैसे देता देता उघडली, आईने हाक मारली म्हणून तशीच ठेवली, की कॉम्प्युटरवर उघडी राहिली होती, यातलं काहीच ती सांगत नाही. उलट, वरच्या नोटिफिकेशनमध्ये पूर्ण मेसेज वाचला तरी खूण राखाडीच राहते. म्हणजे राखाडी असताना वाचलेलं असू शकतं आणि निळी असताना मन लावून वाचलेलं नसू शकतं. त्या खुणेला फोनचं कळतं, माणसाचं कळत नाही.

माझ्या लहानपणी आम्ही आंतर्देशीय पत्रं पाठवायचो. माझी एक मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे इंदूरला गेली होती. उत्तर यायला पंधरा दिवस लागले तरी दोष टपालाला देता यायचा, आणि त्या दोषात मनाला आसरा असायचा. तुझ्या पिढीचा हा आसरा गेला. मेसेज पोचला, उघडला, हे मिनिटासकट कळतं. न कळणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे समोरच्याचं मन. मग सगळी कल्पनाशक्ती तिथेच धावते. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे होतं, असं मुळीच समजू नकोस.

या सवयीला आमच्या कामात "मन वाचणं" म्हणतात. अ‍ॅरन बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1960च्या दशकात विचारांवर काम करण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यात हा चुकीच्या विचाराचा एक ठरलेला प्रकार आहे. आणि लेखी शब्दांत मन वाचणं किती अवघड असतं, याचा एक प्रयोग 2005 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. काही वाक्यं मनापासून, काही उपरोधाने लिहून ईमेलने पाठवायची. पाठवणाऱ्यांना वाटलं होतं की शंभरातल्या साधारण 78 वाक्यांचा रोख समोरच्याला कळेल. कळला सुमारे 56 वाक्यांचा, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा थोडाच बरा. तिथे निदान वाक्यं तरी होती. तू तर कोरी जागा वाचते आहेस.

म्हणून आज रात्री एक काम कर. वहीचं पान घे, मध्ये एक रेघ मार. डावीकडे फक्त असं लिही, जे तुझ्या धाकट्या भावालाही फोन बघून दिसेल: "9:42ला विचारलं. 9:50ला उघडलं. उत्तर नाही." उजवीकडे तुझ्या मनाने जोडलेलं: "रागावली आहे." या वाक्यापुढे तुझा भरवसा आकड्यात लिही. काल तू म्हणाली असतीस, शंभर टक्के. आता त्याखाली तितकीच शक्य असलेली तीन साधी कारणं लिही. पासचे पैसे घरी विचारायचे असतील. ऑफिसची पाळी अजून ठरलेली नसेल. "मग सांगते" असं मनात म्हणून विसरली असेल; हे तर तू स्वतः मला दोनदा केलं आहेस! मग तो आकडा पुन्हा लिही. तो शून्यावर येणार नाही, यायला नकोच. साठावर आला तरी छातीवरचं दडपण सैल होतं. पान फाडू नकोस. खरं उत्तर येईल त्या दिवशी त्याच पानावर तारखेसकट लिही. अशी आठ-दहा पानं झाली की तुझे अंदाज किती वेळा खरे ठरतात, ते तुला कुणी सांगावं लागणार नाही.

दुसरं थोडं कठीण आहे. काल आपण बसलो होतो त्या पाऊण तासात तू अकरा वेळा तिचं "लास्ट सीन" बघितलंस. मी मोजत होते, रागावू नकोस. प्रत्येक वेळी क्षणभर बरं वाटतं, आणि मन शिकतं की इथे खरोखरच धोका आहे, पहारा ठेवायला हवा. तपासल्याने शंका मिटत नाही, तिला खतपाणी मिळतं. एकदम बंद कर असं मी म्हणणार नाही, ते जमत नाही. ती चॅट अर्काइव्हमध्ये टाक आणि बघायच्या दोन वेळा ठरव, दुपारचं जेवण झाल्यावर आणि रात्री नऊला. मधेच हात गेला तर दहा मिनिटं थांबून बघ. पहिले दोन दिवस बेचैनी वाढेल. ती वाढली म्हणजे काहीतरी चुकतंय, असं समजू नकोस.

आणि "तू रागावली आहेस का?" असा मेसेज तिला पाठवू नकोस. त्यात तुझा अंदाज तिच्या गळ्यात पडतो आणि तिला आधी तुझी समजूत काढावी लागते. काल तू लिहून पुसलेला "इट्स ओके, राहू दे" हाही नको. बुधवारपर्यंत थांब आणि एकदाच, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येईल असं लिही: "पास शुक्रवारी काढते आहे. तुझा काढू का? हो-नाही काहीही चालेल." तरी उत्तर नाही आलं, तर एक फोन कर.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. कधीकधी गप्प राहणं हे खरंच "नाही" असतं. माझ्याही आयुष्यात एक मैत्री अशीच न बोलता संपली आणि मला बरेच महिने दुखलं. पण ते एका रात्रीच्या दोन खुणांवरून कळलं नव्हतं. तीन वेळा सरळ विचारलं, भेटायचे दोन दिवस सुचवले, तिन्ही वेळा टाळाटाळ झाली, तेव्हा कळलं. तुझ्याजवळ आज एक रविवार आहे, त्यावरून पराचा कावळा होतो आहे.

शनिवारी साडेपाचला कमाटीबागेत, फुलांच्या घड्याळापाशी नेहमीच्या बाकावर मी असेन. वही घेऊन ये, उजव्या बाजूला काहीही लिहिलेलं असलं तरी. शुक्रवारी पास एकच निघाला असेल, तर यंदा मी येते तुझ्याबरोबर.

तुझी काकू