कमी मालाचं पत्र लिहिताना

‘माल कमी आला’ एवढंच लिहू नका. पुरवठादार लगेच ट्रान्सपोर्टवाल्याकडे बोट दाखवतो. वर बिल आणि पीओ म्हणजे खरेदी ऑर्डरचा क्रमांक घाला, मग आकडे मांडा: बिलात 1,200 बेअरिंग, आमच्या जीआरएनमध्ये, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीत, 1,150. फरक 50 नग, दर 84 रुपये, म्हणजे 4,200 आणि 18 टक्के जीएसटीचे 756, एकूण 4,956 रुपये. सोबत चलनाची प्रत जोडा, ड्रायव्हरच्या सहीसह ‘50 नग कमी’ असा शेरा असलेली. तो शेरा गाडी दारात उभी असतानाच घ्यायचा. नंतर कोण देतो? मागणी एकच ठेवा, क्रेडिट नोट. ‘पुढच्या खेपेत भरून देतो’ याला तोंडी हो म्हणू नका, कारण न मिळालेल्या मालावर इनपुट क्रेडिट घेता येत नाही. उरलेल्या 1,150 नगांचे पैसे मात्र अडवू नका.