सप्लायर नुसतं "काम चालू आहे" म्हणतोय, डिलिव्हरी आठ दिवसांवर आलीय. संबंध न बिघडवता फोटोसकट प्रगती कशी मागवायची?

"फोटो पाठवा" एवढंच म्हणालात तर फोटो येईल आणि तुम्ही फसाल. मी फसलो आहे.

तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत आमचे गिअरबॉक्स हाउसिंगचे 60 नग होते. डिलिव्हरीला नऊ दिवस उरलेले. "चाळीस ओतून झालेत" असा निरोप आला, सोबत रचलेल्या कास्टिंगचा फोटो. आमचे साहेब खूश. मला रात्री झोप येईना म्हणून फोटो मोठा करून पाहिला, तर प्रत्येक नगाला बोल्ट बसवायचे चारच कान, म्हणजे लग. नव्या ड्रॉइंगप्रमाणे सहा हवे होते. म्हणजे फोटो मागच्या लॉटचा होता.

पहाटेची एसटी पकडून गेलो. वाळूचा कोअर घडवायच्या साच्याला, म्हणजे कोअर बॉक्सला, तडा गेलेला. आतल्या पोकळीचा कोअरच तयार होत नव्हता, त्यामुळे सहा दिवस मोल्डिंग बंद. नव्या पॅटर्नवर ओतलेले नग फक्त अकरा. मालक वाईट माणूस नव्हता, सांगायची लाज वाटली त्याला. त्याच दिवशी पॅटर्नवाल्याला बोलावून बॉक्स दुरुस्त करून घेतला. ठरल्या तारखेला 24 नग आले, बाकीचे पाच दिवसांनी.

तेव्हापासून मी "कधी देणार?" विचारतच नाही. मेसेज असा जातो: "आज संध्याकाळी 5 पर्यंत 60 पैकी किती मोल्ड झाले, किती ओतले, किती फेटलिंग होऊन तयार, किती रिजेक्ट? तयार नगांचा मोजता येईल असा एक फोटो, आणि एका नगावर खडूने आजची तारीख लिहून हीट नंबर दिसेल असा जवळून एक. काही अडलं असेल तर त्याचाही फोटो टाका, आपण मिळून बघू." हीट नंबर म्हणजे नग भट्टीच्या कुठल्या खेपेत ओतला त्याचा क्रमांक. मेसेजचं शेवटचं वाक्य गाळू नका, खरी अडचण त्यामुळेच बाहेर येते. दुसऱ्या दिवशी आकडे शेजारी ठेवा. ओतलेले वाढले पण तयार नग तेवढेच राहिले, तर माल फेटलिंगला, म्हणजे जादा धातू काढून नग साफ करायच्या टप्प्यावर, तुंबलाय. ओतलेलेच वाढले नाहीत, तर फोन न करता सरळ निघा.

आमचे साहेब तेव्हा म्हणाले होते, "असे फोटो मागितले की माणूस दुखावतो, विश्वास ठेवावा." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्या मालकाला माझ्या फोटो मागण्याने काही झालं नाही. सहा दिवस कुणी नीट विचारलंच नाही, त्याने तो अडकला. आज तो न मागता रोज संध्याकाळी आकडे टाकतो, आणि साहेब ज्यांच्यावर "विश्वास" ठेवायचे त्यातले दोघे आमच्या यादीत उरलेले नाहीत.

एक मात्र खरं, आतला ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेली पोकळी, फोटोत दिसत नाही, तो मशिनिंगलाच उघडा पडतो. म्हणून ओतलेले 60 म्हणजे हातात 60 असं धरू नका. आणि त्याच शेडमध्ये दुसऱ्या गिऱ्हाईकाचा माल असेल तर तो फ्रेममध्ये येऊ देऊ नका, असं आधीच सांगून ठेवा.