खाल्लेले अन्न काही तासांनी न पचता तोंडात परत येते, हे पित्तच असेल का?

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत. दुपारी खाल्लेले संध्याकाळी जसेच्या तसे तोंडात येते, पाणी पिताना मानेत गुडगुड वाजते आणि तोंडाला फार वास येतो. पित्ताच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. आता एंडोस्कोपी सांगितली आहे. करावी का?

उत्तर: एंडोस्कोपीच्या आधी बेरियम स्वालो हा एक्स-रे करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी सांगलीत कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करतो आणि ही लक्षणे वाचून मला घशामागे तयार होणाऱ्या पिशवीची दाट शंका येते.

अन्ननलिकेच्या तोंडाशी एक गोलाकार स्नायू असतो आणि गिळताना तो सैल पडतो. उतारवयात काहींचा हा स्नायू पुरेसा सैल होत नाही. मग घासाचा दाब वरच अडतो आणि घशाच्या मागच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतले अस्तर पिशवीसारखे बाहेर फुगते. तिच्यात अडकलेले अन्न पोटापर्यंत पोहोचलेलेच नसते, म्हणून ते परत आले तरी आंबट किंवा कडू लागत नाही. पित्ताच्या त्रासापासून हे वेगळे ओळखण्याची मोठी खूण हीच. साचलेले अन्न कुजते आणि वास येतो.

माझ्याकडे तासगावकडचे एक ७४ वर्षांचे बागायतदार आले होते. सकाळी उशीवर आदल्या रात्रीच्या मटकीचे अख्खे दाणे सापडत आणि रात्री झोपेत ठसका लागत असे, पण वर्षभर उपचार मात्र पित्ताचेच चालले होते. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला तेव्हा कुठे शंका आली, कारण पिशवीतले अन्न झोपेत श्वासनलिकेत उतरत होते. बेरियमचा पांढरा घोट घेताच एक्स-रेमध्ये अन्ननलिकेच्या मागे गोल पिशवी भरलेली स्पष्ट दिसली. पुढे तोंडावाटेच, पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत त्या घट्ट स्नायूसकट कापली आणि अन्नाला वाट मोकळी झाली.

आधी बेरियम का, तर पिशवी मोठी असली की दुर्बिणीची नळी अन्ननलिकेऐवजी सरळ तिच्यातच शिरू शकते, आणि स्नायूचा आधार नसलेली तिची पातळ भिंत फाटण्याचा धोका असतो. एंडोस्कोपी टाळायची नाही, कारण या वयात गिळण्याच्या तक्रारीमागे कर्करोग नाही याची खात्री करावीच लागते. मात्र ती करणाऱ्या डॉक्टरांना पिशवीची शंका आधी सांगा. नाकातून नळी घालायची वेळ आली, तरीही हेच सांगावे.

गुडगुड ऐकण्यासाठी घरी मान दाबून पाहू नका, कारण तिथेच मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. तपासणी होईपर्यंत रात्रीचे जेवण लवकर आणि बसूनच द्या, वर थोडे पाणी पाजा आणि झोपताना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवा. वजन उतरत असेल, आवाज बसला असेल, ताप-खोकला असेल किंवा पाणीही उतरत नसेल, तर तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.