बिलात न ठरलेले चार्जेस, काकांशी वाकडं न घेता कसं बोलू?

*ताई, माझा सांगलीत मसाल्यांचा छोटा धंदा आहे. पाऊच पुण्याच्या एका काकांकडून छापून घेते, पहिल्यापासून तेच. या वेळी कोटेशन 260 रुपये किलो, 200 किलोचं होतं. माल आला 214 किलो आणि बिलात भाडं 1,800, पॅकिंग-फॉरवर्डिंग 1,100, सिलिंडर करेक्शन 4,500, वर 18 टक्के जीएसटी. प्रूफ ओके केल्यावर मी पत्ता बदलायला सांगितला होता हे खरंय, पण त्याचे पैसे लागतील असं कोणी बोललं नाही. माझे सगळे सिलिंडर त्यांच्याकडेच पडलेत. भांडले तर पुढची ऑर्डर अडेल, गप्प बसले तर दर वेळी हेच होईल. काय करू?*

अगं, आधी फोन बाजूला ठेव आणि कोटेशनचा शेवटचा कोपरा वाच, जिथं बारीक अक्षरात अटी असतात. पाऊचच्या लाइनमध्ये मोजून 200 किलो कोणीच देत नाही, रोल चालू झाला की थोडं कमीजास्त होतंच, म्हणून बहुतेक कोटेशनवर प्लस-मायनस 10 टक्के लिहिलेलं असतं. तुझ्या कोटेशनवर तसं असेल तर 214 किलो त्यात बसतात, तो विषय काढूच नकोस. भाड्याचंही तेच, ‘एक्स-फॅक्टरी’ किंवा ‘भाडं वेगळं’ असेल तर 1,800 तुझेच.

राहिले दोन. पॅकिंग-फॉरवर्डिंग कोटेशनवर नसेल तर ते सरळ काढायला सांगायचं. आणि मला विचारशील तर ते काकांना माहीतही नसेल, बिल ऑफिसातली मुलगी टॅलीत बनवते आणि आधीच्या पार्टीच्या बिलातली लाइन तशीच उचलली जाते, असं फार ठिकाणी चालतं. सिलिंडरचं मात्र वेगळं आहे बघ. एका रंगाला एक सिलिंडर असतो, मजकूर त्यावर कोरलेला असतो, ओके दिल्यावर पत्ता बदलला की ज्या रंगात पत्ता आहे तो सिलिंडर नव्याने बनवायला लागतो, म्हणजे काकांचा खर्च खरंच झालाय. त्यांची चूक एवढीच की आधी सांगितलं नाही. त्यामुळे इथं ‘हे कशाला लावलं’ असं न म्हणता ‘किती सिलिंडर बदलले, त्यांचं बिल दाखवा’ असं विचार. एकच बदलला असेल आणि लावले दोनाचे, तर तिथंच कळेल.

आता काकांनाच फोन कर, अकाउंटंटला नको, आणि त्याच दिवशी लेखी पाठव. असं काहीतरी:

“काका नमस्कार, माल मिळाला, प्रिंट मस्त आलीय. बिलात दोन गोष्टी कोटेशनमध्ये दिसल्या नाहीत. पॅकिंग-फॉरवर्डिंग 1,100 ठरलं नव्हतं, ते काढाल का? सिलिंडर करेक्शन 4,500, पत्ता मीच बदलला हे मान्य, पण खर्च आधी कळला नव्हता, सिलिंडरवाल्याचं बिल पाठवा, बघून ठरवू. बाकीचे 67,779 आज टाकते. कोटेशन सोबत जोडलंय.”

आकडा कसा आला सांगते, 214 किलोचे 55,640 अधिक भाडं 1,800, त्यावर जीएसटी. वादातले फक्त 5,600 आणि त्यावरचा 1,008 टॅक्स, एवढेच अडकतात. आणि खरंच आजच टाक हं. बिलावर उद्यम नंबर असेल तर लेखी क्रेडिट ठरलेलं नसताना 15 दिवसांत पैसे द्यायला लागतात, ठरलेलं असलं तरी 45 च्या पुढे नाही, नंतर व्याज लागू शकतं. शिवाय पैसे आले की काका फोन उचलतात, ते वेगळंच.

न सांगता कापून पाठवणं मात्र अजिबात करू नकोस. त्यांच्या टॅलीत 6,608 बाकी दिसत राहतात, पुढच्या ऑर्डरच्या वेळी कोणीतरी ‘मॅडम आधी जुनं क्लिअर करा’ म्हणतं आणि तेव्हा सिलिंडर त्यांच्या ताब्यात असतात.

ते हो म्हणाले की ‘पुढच्या ऑर्डरमध्ये बघू’ यावर सोडू नकोस. पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला साधारण जीएसटीआर-1 भरतात (तिमाही भरत असतील तर तिमाही संपल्यानंतरच्या महिन्याच्या 13 ला), त्याच्या आत बोलणं झालं तर बिलच दुरुस्त करून मिळेल, नंतर असेल तर क्रेडिट नोट माग. तू पूर्ण बिलाचा टॅक्स क्रेडिट घेतलास आणि पैसे कमी दिलेस, तर 180 दिवसांनी न दिलेल्या भागाचं क्रेडिट व्याजासकट उलटवायला लागतं.

सिलिंडरच्या पैशात काका अडले तर माझं मत, अर्धे दे. चूक दोघांचीही होती आणि नवे सिलिंडर दुसरीकडे करायचे तर सगळ्या रंगांचे पैसे परत मोजावे लागतील. पण त्या बदल्यात पुढच्या पीओवर दोन ओळी टाकून त्यांचा शिक्का घे, ‘कोटेशनबाहेरचा कुठलाही चार्ज आधी लेखी मंजुरीशिवाय नाही’ आणि ‘सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचे’. दुसरी ओळ वाचून ते जरा कुरकुरतील, तेव्हा हसून म्हण की काका, सीए मागतोय.