आजारी आजीला तिचा मुलगा गेल्याचं सांगायचं का, यावर घरचे हळू आवाजात वाद घालतात अशी कथा लिहितोय, हा वाद कुठे घडवू?

खोलीबाहेर गॅलरीत घडवा, आणि त्याला सुतकाची मुदत लावा. लालबागच्या चाळीत वाढलोय म्हणून सांगतो, दहा बाय बाराच्या खोलीत कुजबुज लपत नाही, त्यामुळे खरी बोलणी कॉमन गॅलरीत होतात आणि ती शेजारी ऐकतात. आता सुतकात दहा दिवस देवपूजा बंद, तेराव्याला गोडाचं जेवण. मग न सांगायचं ठरलं तरी आजीला पलंगावरून देव्हारा दिसतो, तिथे दिवा का नाही असं ती विचारणारच. थोरली सून म्हणते लावून टाकू, धाकटा म्हणतो सुतकात कसा लावायचा, मुलगी म्हणते तेराव्याच्या आत सांगा, नंतर कळलं तर आई आपल्याला माफ नाही करणार. आणि गेलेल्याची बायको आजीला औषध द्यायला आत जाताना परत टिकली लावते (इथे मी तर एकही डायलॉग घालणार नाही). फक्त सुतकाचे नियम घराघरात वेगळे असतात, तर पात्रांचं घर आधी ठरवा. आजीला विसरायचा आजार असेल तर मात्र ही मुदत चालणार नाही, कारण तिला दर वेळी नव्याने सांगावं लागेल.