बाकी काढताना काट मारली तर शेवटी परत गुणायलाच हवं

प्रश्न: "सरळसेवेची तयारी करतोय. ३^५० ला २४ ने भागल्यावर बाकी किती, यात वर-खाली ३ ने काट मारून माझं उत्तर ३ आलं. एका ठिकाणी ९ दिलंय. क्लासच्या नोट्समध्ये काट मारायलाच सांगितलंय. शिवाय 'घात एकने कमी असला की बाकी १' हा नियम कधी चालतो, कधी नाही. आणि मसावि घेतला तरी 'अशा किती संख्या' विचारलं की चुकतं. कुणी नीट सांगेल का?"

उत्तर ९ आहे. नोट्स अर्धवट आहेत, त्या पानावर आत्ताच मोठी फुली मारा. मी शिक्षिका नाही. भरतीच्या परीक्षा देत देत नोकरीला लागलेली आहे, त्यामुळे इथल्या गणिताच्या जाणकारांनी भाषा सांभाळून घ्यावी. पण याच काटेपायी माझा एक गुण गेला आणि त्या गुणासाठी मी एका कार्यालयाशी भांडले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काट का फसवते ते. शाळेत भागाकाराचा पडताळा घ्यायचो तो आठवा: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. तुमच्या गणितात ३^५० = २४ × भागाकार + बाकी. आता दोन्ही बाजूंना ३ ने भागा. डावीकडे ३^४९ झालं, २४ चे ८ झाले, आणि बाकीलाही ३ ने भाग गेला. म्हणजे काट मारल्यावर हाती येते ती मूळ बाकी नसते, तिचा तिसरा हिस्सा असतो. ३^४९ ला ८ ने भागलं की बाकी ३ येते (३ चा वर्ग ९, त्याची ८ ने बाकी १, म्हणून ३^४८ ची बाकी १, आणि एक ३ उरला). ह्या ३ ला काट मारलेल्या ३ ने परत गुणायचं. ९. झालं.

विश्वास बसत नसेल तर छोटे घात घेऊन बघा. ९ ची २४ ने बाकी ९. २७ ची ३. ८१ ची ९. २४३ ची ३. सम घाताला ९, विषम घाताला ३, हे असंच पुढे चालू राहतं. ५० सम आहे. परीक्षेत अडलात तर हाच मार्ग धरा. चार घात लिहायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

आता माझं प्रकरण. एका भरतीच्या पेपरात २^५१ ला २४ ने भागल्यास बाकी किती, असा प्रश्न होता. पर्यायांत १ ही होता आणि ८ ही. ८ ने काट मारली की २^४८ भागिले ३ राहतं, त्याची बाकी १, परत ८ ने गुणलं की ८. मी ८ लिहिलं. उत्तरतालिकेत १ आलं. ऋण गुणांची परीक्षा, त्यामुळे बरोबर उत्तराचा गुण तर गेलाच, वर वजाबाकीही झाली.

ते १ चुकीचं आहे हे कळायला कुठलाही नियम लागत नाही. २^५१ सम, २४ सम. सम संख्येतून २४ च्या पटी कितीही वेळा वजा करा, उरणार ते समच. बाकी १ आली तर २^५१ विषम आहे असं म्हणावं लागेल. हे पाचवीतल्या मुलालाही पटेल. मी हरकत नोंदवली, प्रश्नामागे लागणारी फी भरली, वरचाच खुलासा स्वच्छ अक्षरात लिहून जोडला. पुढे सुधारित उत्तरतालिका आली तर उत्तर तेच, आणि शेऱ्यात एक ओळ: तज्ज्ञांनी तपासले, उत्तर कायम. कारण नाही, आकडेमोड नाही. कार्यालयात फोन केला तर 'वेबसाइटवर आहे तेच अंतिम' एवढंच ऐकायला मिळालं. प्रत्यक्ष गेले तर खिडकीवरच्या माणसाला प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं आणि आत कुणाला भेटायचं ते सांगायला कुणी तयार नव्हतं. मुलं वर्ष-दोन वर्षं घासतात, एका गुणावर यादी वर-खाली होते, आणि सम-विषम बघायची तसदी कुणी घेत नाही. याचा मला आजही संताप येतो. चूक कुणाचीही होऊ शकते. पण हरकत मागवायची, तिची फी घ्यायची आणि उत्तर देताना एक ओळ कारण द्यायचं नाही, हे मला मान्य नाही.

त्यावरून माझं मत, पटलं तर घ्या. हरकत नोंदवताना सिद्धता द्याच, पण तिच्या जोडीला राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकातलं भाज्य-भाजक-बाकीचं पान जोडा, आणि खाली छोटे घात प्रत्यक्ष भागून दाखवा. तपासणाऱ्याला वेळ कमी असतो. ८, ३२, १२८ या तिघांनाही २४ ने भागून ८ उरतात हे डोळ्यांना दिसलं तर नाही म्हणणं अवघड जातं. मुदत आणि फी दर जाहिरातीत वेगळी असते, ती तुमच्या जाहिरातीतच वाचा. माझ्या भरवशावर राहू नका.

एक सावधगिरी मात्र घ्या. सम-विषमची ही तपासणी माझ्या प्रश्नात चालली, तुमच्या प्रश्नात चालणार नाही. भाज्य आणि भाजक दोघांनाही ३ ने भाग जातो, म्हणून बाकीलाही जायलाच हवा, इथपर्यंत बरोबर. पण तुमचं चुकलेलं उत्तर ३ होतं, त्यालाही ३ ने भाग जातो. म्हणजे या चाळणीतून काही चुका गळतात, सगळ्या नाहीत. काट मारलीत की कच्च्या कामाच्या कागदावर त्याच क्षणी बाजूला '× ३' असं लिहून गोल करा. मी अजूनही तसंच करते.

आता घात भाजकापेक्षा एकने कमी असला की बाकी १, हा नियम. हा फर्माचा नियम, आणि त्याला दोन अटी आहेत: भाजक मूळ संख्या हवी, आणि पायाला त्या भाजकाने भाग जाता कामा नये. क्लासवाले अटी गाळतात, कारण अटी लिहिल्या की 'ट्रिक' छोटी दिसत नाही. बहुतेक मुलं अडकतात ती ९१ वर. ९१ दिसायला मूळ वाटते, पण ती ७ × १३ आहे.

गंमत पाहा. कुणी ९१ ला मूळ समजून ३^९० ला ९१ ने भागलं, तर नियमाप्रमाणे बाकी १, आणि खरी बाकीसुद्धा १ च आहे! कारण ३^६ म्हणजे ७२९, आणि ७२८ म्हणजे ९१ × ८. सहाव्या घाताला १ उरतो, ९० ला ६ ने भाग जातो, म्हणून ९० व्या घातालाही १. नियम चुकीच्या जागी लावूनही उत्तर बरोबर येतं आणि मुलाची खात्री पटते. मग तोच मुलगा २^९० ला ९१ ने भागतो, १ लिहितो आणि चुकतो. २^१२ म्हणजे ४०९६, त्याची ९१ ने बाकी १. ९० म्हणजे बारा साते चौऱ्याऐंशी आणि वर ६. म्हणून उरतं २^६, म्हणजे ६४. दोन-चार उदाहरणांत नियम चालला एवढ्यावर तो तुमच्या भाजकाला लागू होतो असं धरू नका, आधी भाजकाचे अवयव पाडा. १०० च्या आत मूळ वाटून फसवणाऱ्या मुख्य संख्या ५१, ५७, ८७ आणि ९१. पहिल्या तिघी अंकांची बेरीज ३ च्या पटीत आल्याने लगेच पकडल्या जातात, ९१ तेवढी पाठच करा. (जाता जाता: ७ × ११ × १३ = १००१. मोठ्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून वजा-अधिक केलं, की उरलेल्या छोट्या संख्येवरून ७, ११, १३ या तिघांचीही विभाज्यता कळते. ७ ची ती दुप्पट करून वजा करायची कसोटी मला लांबलचक संख्येत कधीच सोयीची वाटली नाही.)

मसाविचं तुमचं नेमकं कुठं चुकतं ते ओळखीचं आहे. ज्या संख्यांना भागायचं त्या दिलेल्या असतील आणि भाजक विचारला असेल तर मसावि, हे तुम्हाला येतंय असं धरते. बाकी दिली नसेल, फक्त 'सारखीच बाकी उरते' म्हटलं असेल, तर फरकांचा मसावि घ्यायचा, कारण दोन संख्या वजा केल्या की सारखी बाकी उडून जाते. २१५, ३४१, ५५१ घ्या. फरक १२६ आणि २१०, मसावि ४२. २१५ ला ४२ ने भागलं की ५ उरतात, इतर दोघांनाही ५ च. एवढं सरळ आहे.

अडतं ते बाकी दिलेली असते तेव्हा. '४३७ आणि ६४७ यांना भागल्यास प्रत्येकी १७ बाकी उरते, अशा किती संख्या?' १७ वजा केले, ४२० आणि ६३०, मसावि २१०. २१० चे विभाजक १६ आहेत, आणि बहुतेक जण १६ लिहून मोकळे होतात. पण १५ ने भागून १७ उरूच शकत नाहीत, बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते. त्यामुळे १७ पेक्षा मोठे तेवढेच विभाजक मोजायचे: २१, ३०, ३५, ४२, ७०, १०५, २१०. उत्तर ७. पर्यायांत १६ हमखास असतो, तो अशाच घाईसाठी ठेवलेला असतो. प्रश्नात 'किती संख्या' हे शब्द दिसले की दिलेल्या बाकीखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि विभाजकांची यादी तिथून पुढेच सुरू करा.

लसाविच्या प्रश्नांत असाच गोंधळ होत असेल तर एखादं न सुटलेलं गणित तुमच्या आकडेमोडीसकट इथे टाका. नुसता प्रश्न टाकलात तर पायरी नेमकी कुठे घसरते ते सांगता येत नाही.